शंभराच्या जवळचे गुणाकार: उजवीकडे लिहितो ते नक्की काय असतं

"९७ × ९४ असलं काही तुम्ही कागद न घेता कसं करता? ती ट्रिक मलाही कुणीतरी सांगितली होती, पण ती कधी बरोबर येते आणि कधी भलतंच उत्तर देते, असं का?"

आधी रीत सांगतो, ती दोन मिनिटांची पण नाही. ९७ शंभराला ३ कमी, ९४ शंभराला ६ कमी. आता तिरकी वजाबाकी करायची, ९७ मधून ६ काढा नाहीतर ९४ मधून ३ काढा, कुठूनही गेलात तरी ९१ च येतात (नाही आले तर कमी किती ते काढतानाच चुकलंय, तिथेच थांबा). हे ९१ डावीकडे. मग ३ आणि ६ चा गुणाकार १८, तो उजवीकडे. उत्तर ९११८.

बहुतेकांना एवढंच सांगितलेलं असतं, आणि सांगताना एक शब्द हमखास वापरतात, "शेजारी लिहा". सगळा घोळ त्या शेजारी लिहिण्यात आहे. ९१ आणि १८ हे काही एकमेकांना चिकटवायचे दोन तुकडे नाहीत. ते ९१ शेकडे आहेत आणि वर १८ सुटे आहेत. ९१०० अधिक १८. इथे योगायोगाने सुटे बरोबर दोन अंकी निघाले म्हणून चिकटवलं तरी उत्तर बरोबर दिसलं, बाकी काही नाही.

आता हे १८ आले कुठून ते बघा, कारण ते कळलं की पुढचं काही पाठ करायला लागत नाही. आपल्याला ९७ चौऱ्याण्णव वेळा हवेत. ते अवघड आहे म्हणून आपण शंभर वेळा घेतो, ९७००, यात काही डोकं लागत नाही. पण सहा वेळा जास्त घेतले ना, मग ९७ सहा वेळा परत काढायला हवेत. आता ९७ सहा वेळा कोण काढत बसणार, आपण आळशीपणा करतो आणि त्याऐवजी सरळ १०० सहा वेळा काढतो, म्हणजे ६०० गेले, उरले ९१००. (तिरकी वजाबाकी ती हीच, ९७ शेकड्यांतून ६ शेकडे गेले.) पण काढताना दर वेळी ९७ काढायचे होते आणि काढले १००, म्हणजे दर वेळी ३ जास्तच काढले, असं सहा वेळा झालं, तेव्हा ३ × ६ = १८ परत टाकायचे. ९११८. बस, एवढंच आहे. ज्यांना अक्षरांत बघायला आवडतं त्यांच्यासाठी, (१०० − क) × (१०० − ख) = १०० × (१०० − क − ख) + क × ख. पण खरं सांगू का, तोंडी करताना ही ओळ आठवत बसण्यापेक्षा "किती जास्त काढले" हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

आता जिथे लोक अडकतात ते एकेक घेऊ.

९८ × ९७. कमी २ आणि ३. तिरकं ९५, गुणाकार ६. चिकटवणारा माणूस इथे ९५६ लिहून मोकळा होतो. ९५ शेकडे आणि ६ सुटे म्हटलंत की ९५०६ आपोआप येतं, शून्य विसरायचा प्रश्नच नाही. "उजवीकडे नेहमी दोन अंक हवेत, एकच आला तर आधी शून्य लावा" असा नियम शिकवतात तो खोटा नाही, पण कशासाठी ते माहीत नसेल तर असले नियम ऐन वेळी आठवत नाहीत.

८८ × ८६. कमी १२ आणि १४. तिरकं ८८ − १४ = ७४, गुणाकार १२ × १४ = १६८. चिकटवलं तर ७४१६८, म्हणजे चक्क पाच अंकी. ७४ शेकडे आणि १६८ सुटे म्हटलं की दिसतं की सुट्यांमध्येच एक अख्खा शेकडा लपलाय, तो ७४ मध्ये घाला, ७५ शेकडे आणि ६८, उत्तर ७५६८. यालाच हातचा म्हणतात, तो काही या ट्रिकचा वेगळा नियम नाही, रोजच्या बेरजेतला तोच हातचा.

आणि तिसरा प्रकार, एक आकडा शंभराच्या वर आणि एक खाली, इथे तर भलेभले घसरतात. १०६ × ९७. एक ६ ने जास्त, एक ३ ने कमी. तिरकं, १०६ − ३ = १०३ किंवा ९७ + ६ = १०३, हे तर जमतं. मग ६ × ३ = १८, आणि हात सवयीने १०३१८ लिहितो. चूक. आता तोच वरचा हिशोब लावा. १०६ शंभर वेळा घेतले, १०६००. तीन वेळा जास्त झाले म्हणून १०० तीन वेळा काढले, १०३०० राहिले. पण काढायचे होते दर वेळी १०६, आपण काढले १००, म्हणजे या वेळी जास्त नाही, कमीच काढलेत! दर वेळी ६ काढायचे राहिले, तीन वेळा मिळून १८. तेव्हा हे १८ टाकायचे नाहीत, अजून काढायचे. १०३०० − १८ = १०२८२. तोंडी करताना १०३ मधला एक शेकडा मोडायचा, १०२ राहिले, मोडलेल्या शंभरातून १८ गेले की ८२.

दोन्ही वर असतील तर परत मिळवायचेच. ११२ × १०९, तिरकं (इथे बेरीज) ११२ + ९ = १२१ शेकडे, १२ × ९ = १०८ सुटे, एक शेकडा वर चढवा, १२२०८. तर दोन्ही एकाच बाजूला असले की सुटे मिळवायचे, विरुद्ध बाजूंना असले की काढायचे. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

पण ताळ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण मला वाटतं हे फार कमी लोक बघतात. अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आणून ताळा घ्यायची जुनी पद्धत अनेकांना येते, आणि ते इथेही विश्वासाने तीच वापरतात. करून बघा. ९८ चे ८ (९ + ८ = १७, १ + ७ = ८), ९७ चे ७, आठ साते छप्पन्न, ५६ चे ११ आणि मग २. बरोबर उत्तर ९५०६ ची बेरीज २०, म्हणजे २. छान. आता चुकीचं ९५६ घ्या, त्याची बेरीज पण २०, म्हणजे २! ताळा पास. ७४१६८ चं पण तेच, ८८ चे ७, ८६ चे ५, गुणाकार ३५ म्हणजे ८, आणि ७४१६८ ची बेरीज २६, म्हणजे ८. पास. कारण सोपं आहे, हा ताळा फक्त अंक बघतो, अंक कुठल्या घरात बसलाय ते त्याला दिसतच नाही, आणि या ट्रिकमधल्या नेहमीच्या दोन्ही चुका नेमक्या घर चुकल्याच्या असतात. आणि गंमत म्हणजे १०३१८ वाली चूक पण यातून सुटते, तिथे मात्र योगायोग आहे, उत्तर ३६ ने चुकलंय आणि ३६ ला ९ ने भाग जातो. वेगळे आकडे असते तर ती सापडली असती.

म्हणून मी दोन साध्या गोष्टी बघतो. एक, उत्तर केवढं असायला हवं. ९८ × ९७ हे ९८०० पेक्षा थोडंसंच कमी असणार, तिथे ९५६ कसं चालेल. ८८ × ८६ हे ८८०० च्या आतच हवं, तिथे ७४१६८ बघून हसूच यायला हवं. दोन, शेवटचा अंक. १०६ × ९७ मध्ये साही साते बेचाळीस, म्हणजे शेवटी २ हवा, १०३१८ च्या शेवटी ८ आहे, गेलं. या दोन्हींना मिळून दोन सेकंद लागतात आणि वरच्या तिन्ही चुका पकडल्या जातात.

मध्येच एक गोष्ट. हे "वैदिक गणित" म्हणून शिकवतात त्यामुळे काही जण भारावून जातात आणि काही जण नाव ऐकूनच नाक मुरडतात. त्या नावाचं पुस्तक १९६५ साली छापलं गेलं, भारती कृष्ण तीर्थांचं, आणि त्यातली सूत्रं वेदांच्या उपलब्ध संहितांमध्ये सापडत नाहीत असं अभ्यासकांनी बऱ्याचदा लिहिलंय. दुसरीकडे हीच तिरकी रीत इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकातल्या रॉबर्ट रेकॉर्डच्या अंकगणितात मिळते (बरोबरचं चिन्ह १५५७ मध्ये छापात आणणारा तोच), फक्त तिथे शंभराऐवजी दहा धरलेत. ८ × ७ घ्या, दहाला २ कमी आणि ३ कमी, ८ − ३ = ५ दहा, २ × ३ = ६ सुटे, ५६. आणि ६ × ७ ला ४ आणि ३ कमी, ३ दहा आणि १२ सुटे, म्हणजे ४२, हातचा तिथेही येतोच. नाव काहीही द्या, हिशोब तोच.

कधी वापरू नये हेही विचारतात. नियम असा की दोन फरकांचा गुणाकार तुम्हाला पाढ्यातून लगेच येत असेल तरच. ९८ × ४७ सुद्धा चालतं, ४७ शंभराच्या जवळ नाही पण २ × ५३ = १०६ सोपं आहे, ४५ शेकडे आणि १०६, ४६०६. पण ७३ × ६८ ला शंभर धरलात तर फरक २७ आणि ३२, आणि २७ × ३२ हा स्वतःच एक गुणाकार, मग फायदा काय. तिथे ७० धरा. ७३ सत्तरला ३ जास्त, ६८ सत्तरला २ कमी, तिरकं ७३ − २ = ७१. आता हे ७१ शेकडे नाहीत हं, ७१ सत्तर आहेत, ७१ × ७० = ४९७०, आणि विरुद्ध बाजू आहेत म्हणून ३ × २ = ६ काढले, ४९६४. चिकटवायची सवय लागलेला माणूस इथे ७१ पुढे काहीतरी लिहून सात हजारात जातो, आणि मग म्हणतो ट्रिक फक्त शंभरालाच चालते.