आमची वाटचाल: भाताची दुसरी डेग

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून मी डबे द्यायला सुरुवात केली, तेव्हा रोजचे अकरा डबे होते. आज अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत मिळून तीनशेच्या आसपास माणसं दुपारी आमच्या हातचं जेवतात. डब्यांचं स्वयंपाकघर कधी झालं आणि त्यासाठी कर्ज किती काढलं, ते पुन्हा कधीतरी लिहीन. आज लिहायचंय ते एका फ्रीजबद्दल आणि एका वहीबद्दल. ही दोन्ही आमच्याकडे उशिरा आली.

आधी पहिली तक्रार सांगते. धंद्याच्या चौथ्या वर्षी एका कारखान्यातल्या सहा जणांना जुलाब झाले. फोन आला दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर उरलेलं अन्न गोठ्यावर गेलं होतं आणि भांडी दोनदा घासून झाली होती. कोणत्या डाळीचं वरण होतं, पनीर कुठल्या लॉटचं होतं, यातलं काहीच सांगता आलं नाही. "आमचं जेवण चांगलंच होतं," एवढंच मी म्हणत राहिले. चूक आमची होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही. ते काम गेलं. पण काम गेल्यापेक्षा ते न कळणं मला जास्त लागलं.

त्यानंतर सॅम्पल ठेवायला लागलो. रीत साधी आहे, पण तिच्यात चुका करायला जागा पुष्कळ. प्रत्येक पदार्थाचे साधारण दोनशे ग्रॅम घ्यायचे, गाडीत भरायच्या वेळी, प्रत्येक डेगेतून वेगळे. डाव आणि स्टीलचा चपटा डबा आधी दहा मिनिटं उकळून घेतलेला असतो. हात आत जात नाही. डब्यावर तारीख, पदार्थ, डेग क्रमांक, वेळ, तापमान आणि घेणाऱ्याची सही. चटणी, कोशिंबीर, ताक, अगदी पिण्याचं पाणीसुद्धा ठेवतो, कारण संशय नेमका त्याच्यावर आला तर पंचाईत. डबे वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये, पाच अंशांच्या खाली, किमान बहात्तर तास. मधे साप्ताहिक सुटी येते म्हणून आम्ही चार दिवस ठेवतो. साल्मोनेलासारख्या जंतूची लक्षणं जेवणानंतर तीन दिवसांनीही दिसू शकतात. दुसऱ्या दिवशी सॅम्पल फेकून दिलं तर त्या तक्रारीला उत्तर नाही.

हे डबे फ्रीझरमध्ये टाकू नका. आमच्या आचारीकाकांनी सुरुवातीला तेच केलं होतं. गोठवलं की जास्त टिकेल, असं कुणालाही वाटेल. पण मोठ्या टोपातल्या रश्श्यात आणि मटणात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू गोठवल्यावर बऱ्याच प्रमाणात मरतो. मग अहवाल स्वच्छ येतो आणि आपण खोट्या समाधानात राहतो.

वहीचं काम ऑक्टोबरमधल्या एका दिवशी कळलं. दुपारी पावणेचारला अंबडच्या कारखान्यातून मॅनेजर साहेबांचा फोन आला. "ताई, आमच्या बारा-चौदा जणांना उलट्या होतायत. आज मटकी आंबट होती का?"

फोन ठेवल्या ठेवल्या मी आधी काकांना म्हटलं, "काका, परत आलेल्या डब्यांना कुणी हात लावायचा नाही. काही फेकायचं नाही, काही धुवायचं नाही." मावशींच्या हातात घासणी होतीच. त्या घाबरून म्हणाल्या, "वहिनी, माझ्याकडून काही झालं का?" अशा वेळी भीतीपोटी पुरावा धुतला जातो, हे मी पहिल्या वेळी पाहिलेलं होतं. त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि वही उघडली.

त्या दिवशी पोळी, मटकीची उसळ, कोबीची भाजी, जिरा भात, ताक असा बेत होता. उसळ एकाच मोठ्या डेगेत झाली आणि अंबड, सातपूर दोन्हीकडे गेली. भाजी आणि ताकही दोन्हीकडे. भाताच्या मात्र दोन डेगा होत्या. पहिली सकाळी साडेनऊला शिजली आणि सातपूरला गेली. दुसरी फक्त अंबडला. सातपूरला फोन करून विचारलं. दीडशेच्या वर माणसं जेवली होती, तक्रार एकही नाही. म्हणजे उसळीवरचा संशय पहिल्या दहा मिनिटांतच सैल झाला. कोणती डेग कोणत्या गाडीत गेली, हा एक रकाना नसता तर हे कळलंच नसतं.

मग मी आणि माझे दीर कारखान्यात गेलो. आजारी माणसं दवाखान्यात होती. त्यांना सलाईन, ओआरएस दिलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे घरी आले. आम्ही साहेबांना विनंती केली की जे बरे आहेत त्यांनाही विचारू द्या. लोक इथेच चुकतात, फक्त आजाऱ्यांना विचारतात. आजारी माणूस सांगतो की मी उसळ खाल्ली. पण उसळ तर जवळजवळ सगळ्यांनीच खाल्लेली असते. अठ्ठावन्न जणांकडून एक कागद भरून घेतला: काय काय खाल्लं, किती वाजता, पहिला त्रास कधी, उलटी की जुलाब, ताप आहे का. भात घेतलेले चव्वेचाळीस निघाले, त्यांतले चौदा आजारी. भात न घेतलेले चौदा, त्यांतला एकही आजारी नाही. आणि आजाऱ्यांपैकी दोघांनी उसळ घेतलीच नव्हती.

दुसरी गोष्ट वेळ. जेवण साडेबाराला, पहिली उलटी दोनच्या सुमारास, शेवटची पाचपर्यंत. ताप कुणालाच नाही. एवढ्या लवकर, बहुतेक नुसत्या उलट्या, म्हणजे जंतू पोटात जाऊन वाढले असं नव्हे. विष अन्नातच आधी तयार झालेलं असतं. असं करणारे दोन मुख्य जंतू. एक स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तो बहुधा हाताच्या जखमेतून किंवा नाकातून येतो. दुसरा बॅसिलस सेरियस, तो भाताचा जुना सोबती. प्रयोगशाळेला फक्त "अन्न तपासा" म्हटलं तर नेहमीच्या चाचण्यांत सेरियस असेलच असं नाही. म्हणून लक्षणं आणि वेळ लिहून देऊन दोन्हींच्या चाचण्या मागितल्या. दोन्ही डेगांचा भात आणि उसळ अर्धी अर्धी केली. अर्ध्यावर साहेबांची आणि माझी सही करून सील लावलं आणि बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या डब्यातून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवली. बाकीची अर्धी फ्रीजमध्ये राहिली. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आले तर ते स्वतःच्या पद्धतीने नमुने घेतात. आमचं सॅम्पल त्याची जागा घेत नाही, पण कुठे बघायचं ते दाखवतं.

अहवाल यायला पाच दिवस लागले. दुसऱ्या डेगेच्या भातात बॅसिलस सेरियस एका ग्रॅममागे सुमारे तीन लाख. पहिल्या डेगेत शंभरच्या आत. उसळ ठीक. स्टॅफिलोकॉकस कशातच नाही.

पण कारण अहवालात नव्हतं, वहीत होतं. आदल्या रात्री एका भट्टीचा बर्नर बिघडला होता. सकाळी दोन डेगा वेळेत होणार नाहीत म्हणून काकांनी एका डेगेचा भात रात्रीच उकडून ठेवला. वहीत लिहिलंय: शिजला रात्री 10:50. फ्रीजमध्ये ठेवला सकाळी 6:10. मधला "थंड केला" हा रकाना कोरा. म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात, दीड फूट खोल डेगेत, झाकण ठेवून तो भात सात तास कोमट राहिला होता. तांदळावर सेरियसचे बीजाणू असतातच. ते उकळण्याने मरत नाहीत, भात कोमट झाला की फुटतात आणि वाढतात. सकाळी त्याला जिऱ्याची फोडणी दिली, मधोमध तापमान 68 अंश नोंदवलेलं आहे. त्याने जिवंत जंतू कमी होतात, पण उलटी आणणारं विष उकळूनही टिकतं.

याचा दुसरा अर्थही मी नंतर समजून घेतला. फोडणी नीट कडक बसली असती तर अहवालात आकडा फार कमी आला असता, आणि तरी माणसं आजारी पडलीच असती. म्हणून नुसता "जंतू सापडले नाहीत" असा अहवाल दाखवून मी कुणाला निर्दोष म्हणणार नाही. आमच्या प्रकरणातही भातातल्या विषाची थेट चाचणी झाली नाही आणि उलटीचे नमुने कुणी ठेवले नव्हते. तेव्हा आम्ही साहेबांना लिहून दिलं ते असं: बहुधा दुसऱ्या डेगेचा भात, बहुधा बॅसिलस सेरियस, आणि कारण आमच्याकडे थंड करण्यात झालेली चूक. "बहुधा" हा शब्द मी काढू दिला नाही आणि "आमच्याकडे" हा शब्दही नाही.

काका चार दिवस नीट जेवले नाहीत. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही वेळा खऱ्या लिहिल्यात म्हणून आपल्याला कळलं." तो रकाना कोरा ठेवण्याऐवजी त्यांनी तिथे काहीतरी ठोकून दिलं असतं, तर आम्ही आजही मटकीला दोष देत बसलो असतो. खोट्या नोंदी ओळखता येतात. रोज तेच तापमान, एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेला आठवडा. मी दर शनिवारी वही त्याच नजरेने बघते.

आता भात आदल्या रात्री होतच नाही. काहीही थंड करायचं झालं तर दोन इंच खोलीच्या ट्रेमध्ये पसरतो. दोन तासांत साठ अंशांवरून एकवीसपर्यंत, पुढच्या चार तासांत पाचपर्यंत. नाही आलं तर फेकतो, आणि ते फेकल्याचंही वहीत लिहितो.

तीन आठवडे अंबडचं काम बंद होतं. मग साहेबांनी परत बोलावलं, एका अटीवर. आमचं सॅम्पल गाडी भरताना घेतलेलं असतं, त्यांच्या काउंटरवर दीड तास उभ्या राहिलेल्या अन्नाबद्दल ते काही सांगत नाही, हे त्यांच्याच लक्षात आलं होतं. म्हणून आता शेवटच्या पंगतीला दीड वाजता दुसरं सॅम्पल काउंटरवरून घेतलं जातं. त्या डब्यावर दोन सह्या असतात, एक आमच्या वाढप्याची आणि एक त्यांच्या सुपरवायझरची.