भांगसीमाता गडावरून देवगिरी: धुरकटातून अखेर कातळ निघाला

मंडळी, देवगिरीचा तासलेला कडा अखेर फोटोत उतरला. मागच्या अपडेटमधला फोटो आठवत असेल: राखाडी पुठ्ठा कापून चिकटवल्यासारखा डोंगर, आणि चांद मिनार तर शोधावाच लागत होता. यावेळी कड्यावरच्या उभ्या भेगा दिसतायत, बारादरीच्या कमानींचे काळे ठिपके दिसतायत आणि मिनाराचे सज्जे वेगळे ओळखू येतायत. फोन तोच, जागा तीच, आणि हवाही फारशी चांगली नव्हती. शेतातलं पाचट पेटवलेलं होतं, वीटभट्ट्या चालू होत्या.

आधी दुखणं नेमकं काय ते सांगतो, कारण धुरकटपणा कमी करणारा स्लाइडर, ‘डीहेझ किती ठेवू’, हा प्रश्न इथे सारखा येतो. हवेतल्या धुळी-धुरामुळे लांबच्या वस्तूचा उजेड-सावलीतला फरक अंतरागणिक झपाट्याने घटतो. भांगसी ते देवगिरी हिशेबाला सरळ रेषेत पाच किलोमीटर धरा. ज्या दिवशी दहा किलोमीटरपलीकडचं काही दिसत नाही, त्या दिवशी देवगिरीच्या कातळाचा मूळ फरक फक्त १४ टक्के उरतो. वीस किलोमीटरपर्यंत दिसत असेल तर ३८ टक्के. सहाच किलोमीटर दिसत असेल तर ४ टक्क्यांच्याही खाली, आणि त्या दिवशी फोन खिशात ठेवून नुसतं दर्शन घ्यावं.

आता १४ टक्क्यांचा अर्थ बघा. जवळून फोटो काढला असता तर भेग आणि कातळ यांच्यात जेपेगच्या २५६ पायऱ्यांपैकी समजा ४० पायऱ्यांचा फरक आला असता. पाच किलोमीटरवरून तो पाच-सहा पायऱ्यांवर येतो. टेलि लेन्समागचा सेन्सर बारीक, त्याचा नॉइजही तेवढाच. फोनचा नॉइज रिडक्शन बिचारा भेग कोणती आणि नॉइज कोणता हे ओळखू शकत नाही, मग दोन्ही पुसून टाकतो. म्हणजे जेपेग तयार होतानाच कातळ गेलेला असतो. नंतर डीहेझ शंभरवर नेलं तरी हाती येतात ते डाग, निळसर झाक आणि डोंगराच्या कडेला पांढरी किनार. किनार दिसली की समजावं, स्लाइडर हवेशी नाही, गणिताशी झुंजतोय.

त्यामुळे रॉ, म्हणजे फोनने काहीही न पुसलेली सेन्सरची कच्ची फाइल, हवीच. पण एकट्या रॉनेही भागत नाही. १४ टक्क्यांचा फरक पूर्ववत करायचा तर सातपट ताणावा लागतो, आणि त्यासोबत नॉइजही सातपट होतो. अडलं होतं ते इथेच. सुटलं ते स्टॅकिंगने. एकाच फ्रेमचे १६ फोटो काढून त्यांची सरासरी घेतली की नॉइज एक चतुर्थांश होतो, कारण तो वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो. सातपट ताणूनही नॉइज मग मूळच्या पावणेदोन पटीवरच थांबतो, आणि तेवढा डोळ्याला चालतो.

काढताना आयएसओ सगळ्यात कमी, फोकस अनंतावर लॉक, एक्स्पोजर लॉक. हिस्टोग्राम उजवीकडे ढकलायचा, फक्त आकाश फुटू द्यायचं नाही. धुरकट दृश्यात गडद भाग नसतातच, त्यामुळे उजेड भरपूर घेता येतो. ट्रायपॉडचं डोकं वाऱ्याला हलत होतं, म्हणून खाली पाण्याच्या बाटल्यांची पिशवी टांगली. शटर ब्लूटूथ रिमोटने. आणि एक तपासणी कराच: टेलि लेन्सवर बोट ठेवून बघा. स्क्रीन काळी झाली नाही तर फोन मुख्य लेन्सचाच तुकडा कापून ‘३ एक्स’ म्हणून देतोय. उजेड कमी झाला की बरेच फोन हे गुपचूप करतात.

घरी रॉथेरपीमधून १६-बिट टिफ काढल्या. शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन दोन्ही बंद. मग:

```
align_image_stack -a dev_ *.tif
magick dev_*.tif -evaluate-sequence mean devagiri.tif
```

पहिली आज्ञा ह्युगिनसोबत येते, दुसरी इमेजमॅजिकची. कर्व्ह ताणायचा तो या जुळवलेल्या फाइलवर, आणि मास्क लावून फक्त डोंगरावर. काळा बिंदू पूर्ण काळ्यापर्यंत नेऊ नका. लांबचा डोंगर जवळच्या झाडाइतका काळा झाला की पाच किलोमीटरचं अंतरच नाहीसं होतं. मी धुरकटपणाचा साधारण तिसरा हिस्सा मुद्दाम राहू दिलाय.

स्टॅकिंगलाही मर्यादा आहे. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि मिनाराच्या कडा लाटांसारख्या हलतात. सरासरी घेतली की त्या मऊ पडतात. अशा वेळी mean ऐवजी median वापरून बघा, थोडा फरक पडतो.

सपाट उजेडाबद्दलही माझं मत आता बदललंय. भांगसीवरून देवगिरी साधारण पश्चिमेला, म्हणजे सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून थेट कड्यावर पडतं. सावली कुठेच पडत नाही, कातळ सपाट. शिवाय थंडीत सकाळी धूर जमिनीलगत अडकून बसतो. संध्याकाळी सूर्य समोर, मग धूळच चकाकते. आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला ४७ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे ऊन डाव्या बाजूने तिरपं येतं आणि प्रत्येक भेगेत सावली भरते. तोवर खालचा धूरही वर उठून विरळ होतो. हवेच्या थरथरीचा विचार करून मी अकराच्या सुमाराची वेळ धरली. मेमध्ये हा हिशेब उलटा: वीस तारखेच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा दुपार विसरा.

क्लिपवाल्या पोलरायझरवर पैसे घालायचे का, असं विचारणाऱ्यांसाठी: पावसाळ्यानंतरच्या धुतलेल्या निळसर हवेत, सूर्याशी काटकोनात, तो उपयोगी पडतो. आपल्या धुळीच्या पांढऱ्या पडद्यावर जवळपास नाही. मी ऑनलाइन मागवलेल्याची काच तर टेलिसमोर अख्खा फोटो मऊ करत होती. त्यापेक्षा चांगला मोबाईल होल्डर घ्या.

आता प्रमाणाचं. भाच्याला पिवळं जॅकेट घालून पुढच्या सोंडेवर पाठवलं होतं. देवगिरी सुमारे २०० मीटर उंच आणि पाच किलोमीटरवर, म्हणून माणूस १७० मीटरवर उभा केला की डोंगर त्याच्या चौपट दिसतो. चाळीस मीटरवर उभा केला तर दोघे सारखेच उंच! फोनवर त्याचं चाललेलं, “मामा, अजून किती मागं जाऊ?” पोरगं मनापासून उभं राहिलं, पण सोळा फोटो होईपर्यंत वाऱ्याने जॅकेट फडफडलंच आणि स्टॅकमध्ये त्याची कड पुसट झाली.

हे लिहिता लिहिता उपाय सुचला. १७० मीटरवर त्या दिवशीही ९० टक्क्यांहून जास्त फरक शाबूत असतो, म्हणजे माणसाला स्टॅकची गरजच नाही. सोळातला एकच चांगला फोटो घेऊन त्यातली फक्त पुढची सोंड मास्कने स्टॅकवर बसवायची. ट्रायपॉड हललेला नाही, फाइली आहेत, आज रात्रीच करून बघतो.

त्यामुळे रविवारी म्हैसमाळला जायचा बेत पुढे ढकललाय. आधी भांगसीवरच परत, यावेळी सोळाऐवजी ३२ फोटो. नॉइज आणखी तीसेक टक्केच घटेल, पण मिनाराच्या सज्ज्यांना तेवढ्याचीच गरज आहे. तुमच्यापैकी कुणाच्या फोनवर ओपन कॅमेरा हे अ‍ॅप टेलि लेन्सचं डीएनजी, म्हणजे रॉ फाइल, देत असेल तर मॉडेल कळवा. माझ्या फोनवर ते फक्त कंपनीच्या प्रो मोडमध्ये मिळतं, आणि तिथे दर फोटोला दोन सेकंद थांबावं लागतं.