वॉटसनला गोळी नेमकी कुठे लागली? प्रश्नमंजुषा काढतानाचा माझा अनुभव

शेरलॉक होम्सवरच्या प्रश्नमंजुषेचे प्रश्न मी काढून दिले, त्याला आता बरेच दिवस झाले. पण त्या ऑनलाइन फॉर्मची चीड अजून गेलेली नाही. आयोजकांचं नाव घेत नाही. पुढे कुणाला असं काम करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून लिहिते.

विषय ठरवणं, कथा पुन्हा वाचणं, टिपणं काढणं हे सगळं सुखाचं काम होतं. चार कादंबऱ्या आणि ५६ कथा एवढाच आवाका, आणि बहुतेक सगळं होम्सचा मित्र डॉ. वॉटसन याच्या तोंडून. घोडं अडलं ते एका प्रश्नावर.

प्रश्न साधा होता: वॉटसनला गोळी कुठे लागली? पर्याय खांदा, पाय, हात, छाती. माझं उत्तर खांदा. १८८७ सालच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्या कादंबरीत अगदी सुरुवातीला वॉटसन सांगतो, की अफगाण युद्धात मैवंदच्या लढाईत गोळी खांद्याला लागली, हाड फुटलं आणि गळपट्टीच्या हाडाखालच्या धमनीला ती चाटून गेली. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना वाद कसला?

पण १८९० सालच्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये हाच वॉटसन जखमी पाय कुरवाळत बसलेला दिसतो, आणि गोळी पायातून गेली होती असं तिथे तोच म्हणतो. म्हणजे ‘पाय’ लिहिणाऱ्या स्पर्धकाला शून्य गुण दिले, तर तो पुस्तक उघडून आपल्यासमोर ठेवू शकतो. त्याला चूक ठरवायला आपल्याकडे काहीही नाही. म्हणून प्रश्नात पुस्तकाचं नाव हवंच. मी प्रश्न असा केला: ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या कादंबरीत वॉटसनला गोळी कुठे लागल्याचे म्हटले आहे?

फॉर्मने तो घेतला नाही. प्रश्नाला ६० अक्षरांची मर्यादा! डोळ्यांनी मोजली तर अक्षरं मर्यादेच्या आतच होती. पण तो फॉर्म काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजतो. ‘खांद्याला’ हा आपल्या लेखी तीन अक्षरी शब्द. फॉर्मच्या लेखी नऊ. इंग्रजीसाठी बेतलेली मर्यादा मराठी प्रश्नाला लावली होती.

समन्वयकांना फोन केला. तरुण मुलगा, बोलायला अतिशय नम्र.

“मॅडम, ते पुस्तकाचं नाव काढून टाका ना. प्रश्न सुटसुटीत होईल.”

“अहो, नाव काढलं तर दोन उत्तरं बरोबर ठरतात.”

“पण उत्तरसूचीत आपण खांदाच देतोय ना?”

या वाक्याचा मला खरा राग आला. उत्तरसूचीत लिहिलं म्हणून उत्तर बरोबर होत नाही. नेमकं पुस्तक वाचून आलेला मुलगा अशा प्रश्नाला हरतो आणि वरवर वाचलेला जिंकतो. पायाचा उल्लेख ज्याने वाचलेलाच नाही, त्याला खांदा निवडायला क्षणभरही विचार करावा लागत नाही.

या भांडणात वेळ गेला, पण त्यामुळेच मी बाकीचे पर्यायही नीट तपासले. तोवर मी फक्त बरोबर उत्तराचा पुरावा शोधत होते. आता चुकीचा प्रत्येक पर्याय हातात घेतला आणि त्याच्या बाजूने वकिली करून पाहिली. ‘हात’ इथे टिकेना, म्हणजे चुकीचा म्हणून टिकेना. त्याच पहिल्या कादंबरीत होम्स आपलं अनुमान उलगडताना म्हणतो, की या माणसाच्या डाव्या हाताला इजा झाली आहे, तो हात ताठ धरतो. पुस्तकाचं नाव घालूनसुद्धा ‘हात’वाला स्पर्धक भांडू शकला असता. शिवाय ‘द नोबल बॅचलर’ या कथेत गोळी एका अवयवात राहिल्याचं मोघम म्हटलंय. तो हात की पाय हे सांगितलेलंच नाही. छातीही काढून टाकली, कारण ती धमनी छातीपासूनच निघते, आणि एखादा डॉक्टर स्पर्धक तेवढ्यावर आक्षेप घेऊ शकतो. शेवटी पर्याय उरले खांदा, पाय, पोट, जबडा. पाय मुद्दाम ठेवला, कारण दुसरी कादंबरी आठवणारा तिथे थबकतो, आणि पुस्तकाचं नाव समोर असल्यामुळे तो पर्याय नि:संशय चूक ठरतो. फसवा पर्याय असाच असावा: मोह पडेल, पण पुराव्याने पाडता येईल.

राहिला अक्षरांचा प्रश्न. फॉर्ममध्ये विभागाच्या शीर्षकासाठी वेगळी जागा होती, आणि तिला मर्यादा नव्हती. मग मी सगळे प्रश्न पुस्तकवार लावले. विभागाचं नाव ‘अ स्टडी इन स्कार्लेट या कादंबरीवर आधारित’ आणि आत प्रश्न फक्त ‘वॉटसनला गोळी कुठे लागली?’ एवढाच. मात्र प्रश्न उलटसुलट करण्याची सोय असेल तर ती विभागाच्या आतच चालू ठेवायला सांगा. नाहीतर प्रश्न शीर्षकापासून तुटतो आणि आपण होतो तिथेच येतो. हे मी समन्वयकांकडून लेखी घेतलं, आणि चाचणी म्हणून स्पर्धकाच्या बाजूने सगळी प्रश्नमंजुषा उघडून पाहिली. शीर्षक प्रत्येक प्रश्नाच्या वर दिसत होतं. त्या दिवशी खूप बरं वाटलं.

‘मूळ कथांवर आधारित’ हेही सुरुवातीलाच लिहा. २०१० साली बीबीसीची जी मालिका सुरू झाली, तिच्यात वॉटसन लंगडतो, पण ते लंगडणं मानसिक असतं आणि जखम खांद्याची निघते. मालिका पाहून आलेला आणि पुस्तक वाचून आलेला, दोघांनाही एकाच प्रश्नात बसवू नये. संक्षिप्त अनुवादांचंही तेच. गाळलेल्या परिच्छेदातलं उत्तर विचारणं अन्यायाचं आहे.

‘पहिला’ हा शब्द आला की थांबा. होम्सची पहिली केस कोणती? पहिली छापली गेलेली ‘अ स्टडी इन स्कार्लेट’. पण होम्स स्वतः ‘ग्लोरिया स्कॉट’ला आपली पहिली केस म्हणतो, आणि ती कथा १८९३ साली आली. ‘सर्वांत आधी प्रसिद्ध झालेली’ असं विचारलं की वाद मिटतो. तसंच आकड्यांचं. होम्स किती वेळा हरला, हे विचारलं तर प्रत्येक जण आपापला हिशेब मांडेल. ‘द फाइव्ह ऑरेंज पिप्स’मध्ये होम्स स्वतः किती सांगतो, असं विचारा, उत्तर चार, त्यांपैकी तीन पुरुषांकडून आणि एक स्त्रीकडून.

‘यापैकी नाही’ हा पर्याय फॉर्ममध्ये आपोआप येत होता, तो मी प्रत्येक ठिकाणी काढायला लावला. प्रश्नात जरा सैलपणा राहिला, की तो पर्याय लगेच बरोबर ठरू लागतो.

आणि प्रत्येक प्रश्नासमोर आपल्या वहीत उत्तराचं मूळ वाक्य उतरवून ठेवा, बाकी तीन पर्याय का पडतात तेही एकेका ओळीत. ज्या पर्यायासमोर ओळ लिहिता येत नाही, तो पर्याय बदलायचा. आयोजकांच्या फॉर्ममध्ये या ओळींसाठी रकानाच नाही. तो द्यावा आणि अक्षरमर्यादा मराठीसाठी वाढवावी, असं पत्र मी त्यांना पाठवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.