घरच्या सर्व्हरचा पत्ता

"घरच्या फायबरवरच फोटोंचा सर्व्हर चालवता म्हणे. आयपी पत्ता तर बदलत राहतो, मग पुण्या-मस्कतची मंडळी तो उघडतात कशी? आणि कोणी भलताच आत शिरला तर?"

पत्ता बदलतो हा त्यातला सगळ्यात लहान त्रास. त्याआधी राउटरला मिळालेला पत्ता एकट्या तुमच्या घराचा आहे का, ते पाहायला हवं. ते न पाहता लोक सेटिंग्ज उलटसुलट करत बसतात.

फोंड्याचा माझा मावसभाऊ चवथीच्या तोंडावर ह्याच गोत्यात सापडला होता. माटोळीचे फोटो आणि घुमटआरतीचे व्हिडिओ मूळ आकारात सगळ्यांना बघता यावेत म्हणून त्यानं जुन्या लॅपटॉपवर इमिच हे फोटो-सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवलं, बाहेरून येणारं लॅपटॉपकडे वळावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला. घरात सगळं झकास चाले, बाहेरून मात्र काही उघडेना. फोनवर मी त्याला म्हटलं, "राउटरच्या स्टेटस पानावर WAN IP समोर काय लिहिलंय तेवढं वाच." "शंभर, चौऱ्याऐंशी..." एवढं ऐकलं आणि मी त्याला थांबवलं.

100.64.0.0 ते 100.127.255.255 हा पट्टा २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. जगात आयपीव्ही४ पत्ते पुरेनासे झाले, म्हणून कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देते आणि आतून प्रत्येकाला ह्या पट्ट्यातला एकेक. ह्याला सीजीनॅट म्हणतात. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच टपालपेटी असावी तसं हे. तुम्ही पाठवलेल्याचं उत्तर बरोबर तुमच्याकडे येतं, पण बाहेरून आपणहून आलेलं कोणाचं हे कंपनीच्या यंत्राला कळत नाही. अशा वेळी आपल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून काही उपयोग नाही, कारण अडवणूक त्याच्या पलीकडे होते. खात्रीसाठी सर्व्हरवरून हे विचारा:

```
curl -4 https://api.ipify.org
```

उत्तर आणि राउटरवरचा WAN IP एकच असेल तर पत्ता तुमचा. वेगळे असतील तर तो सामायिक आहे.

सामायिक निघाला तर कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागता येतो, बहुतेकदा महिन्याला थोडे जास्त पैसे भरून. आयपीव्ही६ असेल तर सर्व्हरला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो, पण बघणाऱ्याच्या कचेरीत नुसतं आयपीव्ही४ असलं की त्याला तो उघडत नाही. भावानं तिसरी वाट धरली. एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला आणि घरच्या लॅपटॉपवरून तिथपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढला. जोडणी घरातून बाहेर जाते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. फक्त `PersistentKeepalive = 25` ही ओळ घरच्या बाजूला हवीच, नाहीतर थोडा वेळ शांतता राहिली की कंपनीचं यंत्र ती जोडणी विसरतं. भाड्याचा सर्व्हर 443 वर आलेला प्रवाह न उलगडता तसाच घरी पाठवतो. प्रमाणपत्राची खाजगी किल्ली घरीच राहते, म्हणून फोटो मधल्या यंत्रावर उघडे पडत नाहीत. घरचा पत्ता कितीही वेळा बदलला तरी त्याला फरक पडत नाही.

माझं डिचोलीचं घर त्या मानानं नशीबवान, पत्ता सार्वजनिक आहे. पावसात वीज गेली, राउटर बंद पडून परत लागला की तो बदलतो. सर्व्हरवर `ddclient` नावाचा छोटा कार्यक्रम दर पाच मिनिटांनी बाहेरून दिसणारा पत्ता तपासतो आणि बदलला असेल तरच डोमेनच्या नोंदीत नवा घालतो. त्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतरांनी जुनं उत्तर जपून ठेवायची मुदत, मी ३०० सेकंद ठेवला आहे. दोन्ही उशीर जमेस धरले तर साधारण दहा मिनिटांत सगळ्यांना नवा पत्ता मिळतो. "उघडत नाही" असा फोन आला की `dig +short photo.example.com` चं उत्तर वरच्या curl शी ताडून बघायचं. जुळलं तर दोष पत्त्यात नाही, पुढे शोधायचा. साइट उघडते का हे मात्र मोबाइल डेटावरून पाहा. घरच्या वायफायवरून स्वतःचंच नाव उघडलं तर काही राउटर ते परत आत वळवू शकत नाहीत, आणि सर्व्हर धडधाकट असूनही बंद वाटतो.

आता आत शिरण्याचं. इमिच 2283 या पोर्टवर ऐकतं, पण तो पोर्ट मी बाहेर उघडत नाही. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरची मागणी घेऊन आत पोचवणारा दारवान, म्हणून कॅडी बसवला आहे. त्याची अख्खी फाइल एवढीच:

```
photo.example.com {
    reverse_proxy 127.0.0.1:2283
}
```

लेट्स एन्क्रिप्टकडून प्रमाणपत्र आणणं आणि मुदत संपण्याआधी नवं घेणं कॅडी स्वतः करतो. कंपनीनं 80 बंद ठेवला असेल तरी नुसत्या 443 वर त्याचं भागतं. एन्जिनएक्स वापरणाऱ्यांना मात्र मोठा व्हिडिओ चढवताना 413 हा आकडा दिसेल, कारण `client_max_body_size` मुळात एक मेगाबाइटच असतो. मी कॅडी घेतला तो आळसापोटी, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पुष्कळांचं एका ठिकाणी फसतं. ते `ufw` ही फायरवॉल लावतात, 2283 बंद करतात आणि निर्धास्त होतात. इमिच डॉकरच्या कंटेनरमध्ये चालतं, आणि डॉकरनं उघडलेला पोर्ट `ufw` च्या नियमांपर्यंत पोचतच नाही, डॉकर स्वतःचे नियम त्याच्याआधी लावून आलेलं पाकीट थेट कंटेनरकडे वळवतो. मग वायफायवरचा पाहुणा किंवा स्वस्तातला कॅमेरा प्रॉक्सीला वळसा घालून थेट इमिचशी बोलू शकतो, तेही एन्क्रिप्शनशिवाय. उपाय कम्पोज फाइलमध्ये:

```
ports:
  - "127.0.0.1:2283:2283"
```

माझा कॅडी डॉकरबाहेर, थेट यंत्रावर आहे म्हणून हे चालतं. नंतर `ss -tln` नं पाहा. 2283 समोर `0.0.0.0` किंवा `[::]` दिसलं तर काम अर्धवट राहिलंय.

सबडोमेनचं नाव विचित्र ठेवलं की कोणाला सापडणार नाही, हाही एक लाडका समज. प्रमाणपत्र मिळताच ते नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं आणि यंत्रं ती सतत चाळत असतात. कॅडीची लॉग फाइल चालू करून बसा, लवकरच `/.env` आणि `/wp-login.php` मागणारे येतात. माझ्याकडे वर्डप्रेस नाहीच, तरी मागतात. त्यांना घाबरून पत्ते ब्लॉक करत बसण्यात अर्थ नाही, उद्या दुसरे येतील. त्यापेक्षा इमिच आणि कॅडी वेळच्या वेळी अद्ययावत ठेवा, आतल्या उपकरणांना आपणहून पोर्ट उघडू देणारं राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, आणि एसएसएच बाहेर उघडू नका. बाहेरगावाहून सर्व्हरवर काही करायचं झालं तर मी वायरगार्डनं घरात येतो. किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाळणाऱ्याला तिथं काही आहे हेही कळत नाही.

मस्कतच्या आत्याला मी खातं उघडून दिलेलं नाही. तिच्यासाठी अल्बमची शेअर लिंक असते, तिला पासवर्ड आणि मुदत घालता येते. मुदत संपली की ती फोन करते आणि मी नवी पाठवतो.