एका पूर्णविरामाची चाळीस भोके

भोसरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी काम करते. गेल्या पावसाळ्यात चाकणच्या एका पुरवठादाराकडून चाळीस ब्रॅकेट आले आणि आवक तपासणीत ९ मिलिमीटरचा प्लग गेज एकाही भोकात जाईना. मोजले तेव्हा प्रत्येक भोक ८.५ मिलिमीटरचे निघाले. फोन केला, तर पुरवठादार शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमच्याच मेलमध्ये आर टू पॉइंट वन लिहिलंय.”

मी मेल उघडला. वाक्य असे होते:

```
सुधारित नकाशाची फाइल आहे Bracket_R2.1 ऑगस्टपासून हीच वापरावी.
```

मला म्हणायचे होते की फाइल `Bracket_R2` आहे आणि ती १ ऑगस्टपासून वापरावी. माझ्या संगणकावर फाइलनावामागचे `.pdf` दिसत नसल्याने तेवढेच नाव मी टंकले, पूर्णविराम दिला आणि पुढची जागा सोडायची राहून गेली. आमच्या सामायिक फोल्डरमध्ये `Bracket_R2.1.pdf` नावाचा अर्धवट मसुदाही पडून होता, आणि त्यात भोक ८.५ चे होते. पुरवठादारांना शोधलेली फाइल सापडली, म्हणून शंका घ्यायला त्यांना कारणच उरले नाही. भोके लहान निघाली म्हणून पुन्हा ड्रिल करून ती वाढवता आली. मोठी असती तर सगळे ब्रॅकेट भंगारात गेले असते.

फाइलनावात टिंब हे नावाचा भाग असते आणि वाक्यात तेच चिन्ह पूर्णविराम असते, त्यामुळे नाव वाक्याच्या टोकाला आले की दोन्ही एकमेकांत मिसळतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, ही इथे मोठीच सोय आहे. नाव मध्ये ठेवून पुढे ‘या फाइलमध्ये’ असे लिहिले की पूर्णविराम नावाला शिवत नाही आणि ‘मध्ये’सारखे शब्दयोगी अव्ययही `.pdf` ला चिकटत नाही. फाइलनावाभोवती मी आता सरळ दुहेरी अवतरण देते, कारण विंडोजमध्ये ते चिन्ह नावात चालतच नाही आणि ते नावाचाच भाग असल्याचा गैरसमज होऊ शकत नाही. एकेरी मात्र नावात चालते, म्हणून ते मी दस्तऐवजांच्या शीर्षकांसाठी आणि मेलच्या विषयांसाठी राखले आहे.

त्याच दुपारी पुरवठादारांचा मेल आला. विषयात ‘नकाशा’ऐवजी ‘नकाषा’ पडले होते. उत्तरात ते दुरुस्त करण्याचा मोह मी आवरला, कारण विषय उद्धृत करायचा तो पुढे शोधता यावा म्हणून, आणि सुधारलेल्या शब्दाने तो मेल सापडला नसता. प्रश्नचिन्हही त्यांच्या विषयाचेच असल्याने अवतरणाच्या आत ठेवले:

```
आपला 'नकाषा कोणता धरायचा?' या विषयाचा मेल मिळाला.
सुधारित नकाशा "Bracket_R2.pdf" या फाइलमध्ये आहे.
दि. १ ऑगस्टपासून हीच फाइल वापरावी.
```

पाच मिनिटांत त्यांचे उत्तर आले: "Bracket_R2.pdf" ही फाइल उघडली, भोक ९ आहे, बरोबर ना? मी ‘होय’ कळवले आणि अर्धवट मसुदा सामायिक फोल्डरमधून हलवला.