नकाराचा मेल लिहिताना: माझा अनुभव

डेटा अॅनालिस्टच्या जागेसाठी तीन फेऱ्या देऊन आलेल्या एका मुलीला नकार कळवायचं काम माझ्याकडे आलं. तिने आमच्यासाठी चार तास खर्च केले होते. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असा ठरावीक मेल तिला पाठवायला मन तयार होईना.

पहिला मसुदा मी कौतुकाने सुरू केला आणि नकार चौथ्या ओळीत घातला. सहकाऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, "तीन ओळी तिला वाटेल की निवड झाली." पुढे मी लिहिलं होतं, ‘विश्लेषणात अधिक काटेकोरपणा हवा.’ त्यावर त्याने विचारलं, "हे वाचून ती उद्या नेमकं काय करणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मुलाखतीच्या नोंदी पुन्हा काढल्या. तिला महिन्याची एकूण विक्री काढायला सांगितली होती. तिने ऑर्डरचं टेबल पेमेंटच्या टेबलाशी जोडलं आणि ऑर्डरच्या रकमेची बेरीज केली. ज्या ऑर्डरचे पैसे दोन हप्त्यांत आले होते, त्या दोनदा मोजल्या गेल्या आणि बेरीज फुगली. "आकडा जास्त वाटतोय का?" असं मी विचारलं, तेव्हा तिने क्वेरी पुन्हा वाचून दाखवली, पण ओळी मोजून पाहिल्या नाहीत. आमचा निर्णय खरं तर इथेच फिरला होता.

शेवटी मेल असा झाला:

"या जागेसाठी आम्ही तुमची निवड करू शकत नाही आहोत. विक्रीच्या प्रश्नात टेबलं जोडल्यावर काही ऑर्डर दोनदा मोजल्या गेल्या, आणि आकड्याबद्दल विचारल्यावरही ते तपासलं गेलं नाही. या कामात अशी तपासणी रोज लागते, म्हणून निर्णयात या गोष्टीला वजन होतं. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लावलीत तर ही चूक लगेच दिसते. ग्राहकांचे गट पाडण्यामागचं कारण तुम्ही फार स्पष्ट मांडलंत, ते आम्हा तिघांच्याही नोंदीत आहे."

एका मुलाखतकाराने ‘आत्मविश्वास कमी वाटला’ असंही लिहिलं होतं. ते मी घेतलं नाही. निर्णय त्यावर झाला नव्हता, आणि तो शेरा कामावर नाही, माणसावर होता. निवड झालेल्या उमेदवाराशी तुलनाही टाळली. ‘पुढे नक्की संधी देऊ’ हे वाक्य लिहून खोडलं, कारण तशी जागा निघणार की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं.

एचआरने एकदा नजर घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेल गेला. दुपारी तिचं उत्तर आलं. तिने घरी तीच क्वेरी पुन्हा लिहिली होती, आधी पेमेंटची ऑर्डरनिहाय बेरीज करून मग जोडणी केली होती, आणि विचारलं होतं, "आता बरोबर आहे का?" बरोबर होती. तसं मी लगेच कळवलं.