बस उशिरा, शेरा मुलीला

मुलगी सहावीत आहे. शाळा सकाळची, प्रार्थना 7:10 ला. यंदा जूनपासून बस वेळेवर आली तर आम्हालाच नवल वाटायचं. पहिला तास गणिताचा, नेमका तोच बुडायचा. वर डायरीत लाल शाईने ‘उशिरा आली’ असा शेरा आणि त्याखाली पालकांची सही. बस शाळेने ठरवलेली, पैसे आम्ही भरलेले आणि सहीही आम्हीच करायची!

चालककाकांना फोन केला की ठरलेलं उत्तर, “ताई, धायरी फाट्यावर जाम आहे.” पालकांच्या ग्रुपवर रोज आरडाओरडा व्हायचा आणि आठ वाजता सगळे कामाला लागायचे. मग मी कॅलेंडरवरच बस थांब्यावर कधी आली आणि फाटकात कधी पोचली ते लिहायला लागले. दुसरी वेळ मुलगी सांगायची. काही आठवड्यांनी दिसलं, की शनिवारी बस अगदी वेळेवर येते. फाट्यावरचा जाम काही शनिवारी सुटी घेत नाही. बसमधल्या मावशींना सहज विचारलं, तर म्हणाल्या, “आधी दुसऱ्या शाळेची पोरं सोडतो ना. त्यांना शनिवारी सुट्टी.”

आता पत्राला अर्थ होता. ‘बेजबाबदार कंत्राटदार’ वगैरे शब्द मी लिहिलेच नाहीत. अशा शब्दांना उत्तर म्हणून नुसती दिलगिरी येते. विषयाच्या ओळीत मार्ग क्रमांक आणि बुडणारा तास लिहिला. वेळांचा तक्ता जोडला, त्यात शनिवार वेगळ्या रंगात. त्याखाली:

“ही बस आमच्या फेरीआधी दुसऱ्या शाळेची फेरी करते असे समजते. तशी परवानगी शाळेने दिली आहे का, ते कृपया कळवावे. बस वेगाने चालवावी अशी आमची मागणी नाही. ती आमच्या थांब्यावर 6:35 ला यावी. तोवर बसमुळे झालेल्या उशिराचा शेरा मुलांच्या नावावर पडू नये.”

शेवटी हा विषय परिवहन समितीपुढे ठेवावा अशी विनंती केली. महाराष्ट्रात 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत ही समिती असावी लागते आणि मुख्याध्यापकच तिचे अध्यक्ष असतात. त्यामुळे ‘कंत्राटदाराशी बोला’ म्हणून हात झटकता येत नाहीत. त्याच मार्गावरच्या इतर पालकांच्या सह्या घेतल्या, पत्र कार्यालयात दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मागून घेतला. लिपिकांनी जरा नाक मुरडलं, पण दिला.

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. तक्ता वाचता वाचता शनिवारवर थांबल्या आणि कंत्राटदाराला तिथूनच फोन लावला. दुसऱ्या फेरीचं त्यांना खरंच माहीत नसावं, असं मला वाटलं. महिन्याभरात आमची फेरी आधी झाली. बसच्या उशिरासाठी हजेरीत आता वेगळी खूण असते, डायरीत शेरा नाही. गणिताचा तास पुढे ढकलायला मात्र बाई तयार झाल्या नाहीत. एका बससाठी सगळ्या वर्गाचं वेळापत्रक बदलणार नाही म्हणाल्या. अपूर्णांकांचा राहिलेला भाग मग मैत्रिणीच्या वहीवरून घरीच पुरा केला.